क्यूआरचे पैसे ‘पेंडिंग’ दिसतात तेव्हा ते असतात कुठे?

प्रश्न: माझं स्टेशनरीचं दुकान आहे. शुक्रवारी (१४ नोव्हेंबर २०२५) संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने क्यूआर स्कॅन करून १,८४० रुपये पाठवले. त्याच्या खात्यातून कट झाले, बँकेचा मेसेजही आला, पण मोबाइलवर Pending दाखवत होतं. माझा स्पीकर बोलला नाही. गर्दी होती म्हणून माल देऊन टाकला. आज रविवार, अजून खात्यात काही नाही. पैसे नक्की कुठे अडकलेत आणि मी कुणाच्या मागे लागू?

उत्तर:

मी एका नागरी सहकारी बँकेत होते. शेवटची काही वर्षं यूपीआयच्या रिकन्सिलिएशनचं टेबल माझ्याकडे होतं, म्हणजे ज्या व्यवहारांचा ताळा लागत नाही ते शोधून मार्गी लावणं हेच काम. तुमच्यासारखे दुकानदार रोज यायचे आणि बहुतेकांची समजूत एकच असायची, की पैसे ‘मध्येच’ कुठेतरी लटकलेत. खरं म्हणजे मध्ये असं कुठलं ठिकाणच नाही. पैसे कायम कुणाच्या ना कुणाच्या खात्यात असतात. कुणाच्या, ते कळलं की कुणाच्या मागे लागायचं हेही आपोआप कळतं.

तुमच्या बाबतीत ते कुणाच्या खात्यात आहेत, हे मी इथे बसून ठामपणे सांगू शकत नाही. कारण तुमच्या काउंटरवरचा क्यूआर बँकेने दिलेला आहे, एखाद्या पेमेंट कंपनीने दिलेला आहे, की तुमच्याच मोबाइलमधून काढून छापलेला घरगुती आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण शोधायचं कसं ते सांगते.

आधी त्या कागदाकडे बघा. क्यूआरमध्ये बँक नसते, पैसे नसतात, इंटरनेटही नसतं. त्यात फक्त एक ओळ लिहिलेली असते. तुमच्यासारख्या दुकानाची ती साधारण अशी दिसेल:

```
upi://pay?pa=dukan123@bank&pn=Stationery&mc=5943&cu=INR
```

`pa` म्हणजे पैसे कुठे पाठवायचे तो पत्ता, तुमचा यूपीआय आयडी. `pn` म्हणजे गिऱ्हाइकाला दिसणारं नाव. `mc` हा धंद्याचा प्रकार, स्टेशनरीच्या दुकानाला ५९४३ असतो. घरगुती क्यूआरमध्ये हा आकडा नसतो किंवा नुसती शून्यं असतात. या ओळीत रक्कम नाही, म्हणून गिऱ्हाईक रक्कम स्वतः टाकतं. आणि म्हणूनच अधूनमधून १,८४० ऐवजी १८४ येतात, आणि रात्री गल्ला मोजताना ते लक्षात येतं.

यातली @ नंतरची अक्षरं बघून ठेवा. ती तुमच्या स्वतःच्या बँकेची असतील तर पैसे थेट तुमच्या खात्यात येतात. पेमेंट कंपनीची किंवा ती ज्या बँकेबरोबर काम करते तिची असतील आणि क्यूआर घरगुती नसेल, तर बहुतेक वेळा पैसे आधी त्या कंपनीच्या एका राखीव खात्यात जमा होतात आणि तिथून तुमच्याकडे येतात. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता गिऱ्हाइकाने पिन टाकल्यावर काय होतं ते बघू. त्याच्या ॲपकडून निरोप निघतो तो एनपीसीआयकडे. यूपीआय चालवणारी ही संस्था. एनपीसीआय तुमच्या यूपीआय आयडीवरून तो कुठल्या बँकेतल्या कुठल्या खात्याचा आहे ते शोधते. मग गिऱ्हाइकाच्या बँकेला सांगते, ‘याच्या खात्यातून १,८४० नावे टाका.’ ती बँक पिन तपासते, शिल्लक बघते, रक्कम वजा करते आणि ‘टाकले’ असं उत्तर देते. ते उत्तर आलं की एनपीसीआय समोरच्या बँकेला सांगते, ‘यांच्या खात्यात १,८४० जमा करा.’ ती जमा करून ‘केले’ म्हणते. त्यानंतर दोन्हीकडे ‘झालं’ असा निरोप जातो, गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर हिरवी खूण येते आणि तुमचा स्पीकर बोलतो. हे सगळं साधारण चार-पाच सेकंदांत.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. त्या चार-पाच सेकंदांत बँका एकमेकींना पैसे देतच नाहीत, फक्त निरोप देतात. मार्केट यार्डातले दोन अडते दिवसभर एकमेकांच्या नावावर नावे-जमा लिहीत राहतात आणि नंतर बसून फरकाचे पैसे देतात, तसंच हे आहे. एनपीसीआय दिवसातून ठरावीक वेळा प्रत्येक बँकेचा हिशेब काढते, आणि फरकाची रक्कम रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांमधून इकडून तिकडे जाते. तुमच्या खात्यात जमा मात्र आधीच झालेली असते, कारण तुमच्या बँकेने निरोपावर विश्वास ठेवलेला असतो.

म्हणजे सगळं निरोपांवर चालतं. निरोपाला उत्तर आलं नाही की स्क्रीनवर Pending येतं. ‘पैसे अडकले’ असा त्याचा अर्थ नाही. ‘पुढच्याने काय केलं ते मला माहीत नाही’ एवढाच आहे. पूर्वी उत्तराची वाट तीस सेकंद बघायचे. जून २०२५ पासून एनपीसीआयने पैसे देण्याच्या निरोपासाठी ती पंधरा सेकंदांवर आणली आहे.

उत्तर कुठलं आलं नाही, यावरून सगळा फरक पडतो.

समजा गिऱ्हाइकाच्या बँकेनेच उत्तर दिलं नाही. तिने रक्कम वजा केली, मेसेजही पाठवला, पण ‘टाकले’ हे उत्तर एनपीसीआयला वेळेत पोहोचलं नाही. अशा वेळी तुमच्या बँकेला काही सांगितलंच जात नाही. व्यवहार फेल धरला जातो आणि गिऱ्हाइकाच्या बँकेने वजा केलेली रक्कम त्याला परत द्यायची असते. पैसे त्याच्याच बँकेत आहेत. तुम्ही तुमच्या शाखेत कितीही खेटे घातले तरी तिथे या व्यवहाराचा मागमूस सापडणार नाही, आणि शाखेतला माणूस ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणतो तेव्हा तो खरंच सांगत असतो. इथे तुम्हाला गिऱ्हाइकाकडूनच पुन्हा पैसे घ्यावे लागतात.

आता दुसरी शक्यता. गिऱ्हाइकाच्या बँकेने व्यवस्थित उत्तर दिलं, पण जमा करणारी बँक गप्प बसली. तिने जमा केलं की नाही, कुणालाच माहीत नाही. अशा व्यवहाराला आमच्या भाषेत ‘डीम्ड’ म्हणतात, म्हणजे झाला असं धरून चाललेला. एनपीसीआय हिशेब करताना ही रक्कम गिऱ्हाइकाच्या बँकेकडून घेऊन समोरच्या बँकेला देऊन टाकते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर Pending दिसत असतं, पण पैसे तोवर तुमच्या बाजूच्या बँकेत पोहोचलेले असतात. फक्त तुमच्या नावावर चढलेले नसतात. दुसऱ्या दिवशी त्या बँकेने अशा व्यवहारांची यादी काढायची, आपल्या खात्यांशी ताडून बघायची आणि एक तर खातेदाराला जमा द्यायची, नाही तर रक्कम परत पाठवायची.

हेच माझं टेबल. सकाळी फाइल यायची आणि मी एकेक ओळ बघत बसायचे. आमच्याकडे या ओळी सर्वांत जास्त कधी असायच्या सांगू? रात्री डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करण्याचं काम, चालू असताना, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार-पेन्शन पडतात तेव्हा. सर्व्हर दमलेला असतो. काम करतो, पण उत्तर द्यायला उशीर करतो. कितीतरी वेळा तर खात्यात जमा झालेली असायची, फक्त ‘केले’ हा निरोप मुदत उलटल्यावर निघालेला असायचा.

एकदा याच गोष्टीत आमची फजिती झाली. टेबलावर नवीन मुलगा होता. त्याने यादीतली एक ओळ बघितली आणि खातं पूर्ण न तपासता एका किराणा दुकानदाराला हाताने जमा देऊन टाकली. ती रक्कम आदल्या रात्रीच आपोआप जमा झालेली होती, फक्त एंट्रीची तारीख दुसऱ्या दिवसाची पडली होती. एकाच व्यवहाराच्या दोन जमा झाल्या. आठवड्याने ते कळलं, मग एक रक्कम वजा केली, आणि दुकानदार काउंटरवर येऊन तावातावाने बोलला, ‘माझ्या खात्यातून विचारल्याशिवाय पैसे काढलेच कसे?’ त्याचं चुकीचं नव्हतं. आधी फोन करायला हवा होता. तेव्हापासून मी प्रत्येक दुकानदाराला सांगते, उशिरा आलेली जमा दिसली की तिच्यासमोरचा बारा आकडी नंबर वहीत लिहा. तोच नंबर दोनदा दिसला तर एक रक्कम तुमची नाही, ती खर्च करू नका.

तो नंबर म्हणजे काय ते आता सांगते, कारण सगळा शोध त्याच्यावरच चालतो. गिऱ्हाइकाच्या ॲपमध्ये व्यवहार उघडला की खाली UTR किंवा UPI Ref. No. अशा नावाने बारा आकडे दिसतात. ॲपचा स्वतःचा एक लांबलचक ट्रान्झॅक्शन आयडीही असतो, त्यात अक्षरं असतात. तो बँकेला फारसा उपयोगाचा नाही. बारा आकडीच हवा. त्याचा पहिला आकडा सहसा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन त्या वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. १४ नोव्हेंबर २०२५ हा वर्षातला ३१८ वा दिवस, म्हणून तुमच्या व्यवहाराचा नंबर 5318 ने सुरू व्हायला हवा. कुणी 5290 ने सुरू होणारा नंबर दाखवून ‘शुक्रवारचाच आहे’ म्हणत असेल, तर तो ऑक्टोबरमधला जुना व्यवहार दाखवतोय. एकदा एका बाईंनी अगदी प्रामाणिकपणे मागच्या महिन्याचाच स्क्रीनशॉट आणला होता, आणि आम्ही दोघी अर्धा तास नसलेला व्यवहार शोधत होतो.

तिसरी शक्यता वेगळीच आहे, आणि तुमचं प्रकरण हेच असण्याची मला बरीच शंका आहे. व्यवहार नंतर पूर्ण झालेला असतो. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरचं Pending जाऊन हिरवी खूणही आलेली असते. पण तुमचा क्यूआर पेमेंट कंपनीचा असल्यामुळे रक्कम तिच्या राखीव खात्यात आहे आणि तुमच्या बँक खात्यात यायची आहे. कंपनी दिवसभराची सगळी रक्कम एकत्र करून एकच जमा पाठवते, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी. काही कंपन्या रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही पाठवतात, काही पुढच्या कामाच्या दिवशी. तुमच्या व्यापारी ॲपमध्ये सेटलमेंटच्या पानावर ते लिहिलेलं असतं.

इथे दुकानदार एकच चूक करतात. पासबुकात १,८४० हा आकडा शोधतात. तो कधीच सापडणार नाही, कारण तिथे एकगठ्ठा रक्कम असते.

शोधायचं असं. समजा तुमच्या व्यापारी ॲपमध्ये शुक्रवारी २३ पेमेंट दिसतात आणि त्यांची बेरीज ११,४६० आहे. शनिवारी बँकेत जमा आली ९,६२०. फरक १,८४०. म्हणजे बावीस पेमेंट आली आणि हे एक राहिलं. आता ॲपमध्ये ते पेमेंट उघडा. त्याच्यासमोर यशस्वी लिहिलं असेल आणि वेळ रात्री उशिराची असेल, तर ते पुढच्या दिवसाच्या गठ्ठ्यात गेलंय. शनिवारची बेरीज आणि त्यानंतरची जमा पुन्हा अशीच ताडून बघा. ॲपच्या यादीतच ते नसेल, तर मात्र पैसे कंपनीपर्यंत आलेलेच नाहीत आणि वर सांगितलेल्या पहिल्या दोन शक्यतांपैकी एक आहे.

थोडक्यात, आत्ता चहा घेता घेता तुम्ही करायचं ते एवढंच. गिऱ्हाइकाला फोन करून त्याच्या ॲपमध्ये तो व्यवहार आज काय दाखवतो ते विचारा. दोन दिवसांत स्थिती बदललेली असते आणि तिकडे सहसा कुणी पुन्हा बघत नाही. तो फेल दिसत असेल तर त्याच्या खात्यात परतीची एंट्री आली का ते बघायला सांगा. आली असेल तर तो तुम्हाला पुन्हा पैसे देईल, विषय संपला. यशस्वी दिसत असेल तर बारा आकडी नंबर मागून घ्या आणि आधी व्यापारी ॲपमध्ये, मग बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शोधा. अजूनही Pending असेल तर तक्रार त्याने त्याच्या ॲपमधून करायची. त्या व्यवहारावरच तक्रारीचं बटण असतं. तुम्ही तुमच्या बाजूने तोच नंबर, तारीख, वेळ, रक्कम आणि तुमचा यूपीआय आयडी या पाच गोष्टी लिहून बँकेकडे किंवा पेमेंट कंपनीकडे द्या. ‘दोन दिवसांपूर्वी एक पेमेंट आलं नाही’ एवढ्यावर टेबलावरचा माणूस काही शोधू शकत नाही. तुम्ही त्या जागी असता तर तुम्हीही शोधू शकला नसता.

मुदतीचं गणित आता. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. एका व्यक्तीकडून दुसरीकडे पाठवलेले पैसे कट झाले आणि समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत जायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांत खातं कट झालं पण दुकानाकडे पुष्टी पोहोचली नाही, तर पाच दिवसांत. हे कॅलेंडरचे दिवस, तेव्हा शुक्रवारच्या व्यवहाराला १९ नोव्हेंबर, बुधवार. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती खातेदाराने न मागता द्यायची आहे.

यात दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली, तुमचा क्यूआर घरगुती असेल तर यंत्रणेच्या लेखी तुम्ही दुकानदार नाही, शेजारच्या काकांसारखी एक व्यक्ती आहात. मग एक दिवसाची मुदत लागू होते. ऐकायला बरं वाटतं, पण रिफंडचं बटण, व्यापारी ॲपमधली यादी यातलं काही तुम्हाला मिळत नाही. दुसरी, ही भरपाई ज्याचे पैसे कट झाले त्या गिऱ्हाइकाची आहे. माल गेला तो तुमचा. त्यासाठी कुठलंही परिपत्रक नाही. म्हणून काउंटरवर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

मी दुकानदारांना सांगायचे, दोन मिनिटं थांबा. निरोपाची मुदत पंधरा सेकंद, त्यानंतर ॲप स्वतः स्थिती विचारतं, म्हणजे दोन मिनिटांत जे व्हायचं ते बहुधा होऊन जातं. त्या वेळात गिऱ्हाइकाला सारखं रिफ्रेश करू देऊ नका. त्याने काही लवकर होत नाही. ऑगस्ट २०२५ पासून तर एका पेंडिंग व्यवहाराची स्थिती तीनदाच तपासता येते, तीही मध्ये दीड मिनिट सोडून. हे बंधन उगाच आलेलं नाही. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय काही तास अडखळलं होतं, आठवत असेल. काही बँका जुन्या व्यवहारांची स्थिती पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या आणि त्या विचारण्याच्याच ओझ्याने यंत्रणा वाकली होती.

दोन मिनिटांनीही Pending असेल तर माणूस बघून ठरवा. रोजचं गिऱ्हाईक असेल तर माल द्या, पण नाव, मोबाइल आणि तो बारा आकडी नंबर उधारीच्या वहीत लिहा आणि तसं त्याला सांगा. ‘आले तर खोडतो, नाही आले तर उद्या बघू.’ अनोळखी असेल तर रोख मागा, किंवा दुसऱ्या बँकेच्या खात्यातून द्यायला सांगा. ॲप बदलून खातं तेच ठेवलं तर फायदा नाही, कारण अनेकदा अडचण ॲपची नसून त्या बँकेची असते.

आणि अडचण कुणाकडे आहे, याचा अंदाज काउंटरवरूनही येतो. एकाचंच पेंडिंग आणि त्याच्या आधी-नंतरच्यांचं झालं, तर त्याच्या बँकेकडे बघा. लागोपाठ तीन-चार वेगवेगळ्या बँकांच्या गिऱ्हाइकांचं पेंडिंग होतंय, तर गडबड तुमच्या बाजूला आहे. माझ्या ओळखीचे एक मेडिकलवाले यासाठी दोन क्यूआर ठेवतात, दोन वेगळ्या बँकांचे. एक बाहेर लावलेला, दुसरा ड्रॉवरमध्ये. बाहेरचा रुसला की आतला काढतात. ‘दोन्ही रुसले तर?’ असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘मग वही आहेच.’

स्पीकरबद्दल दोन शब्द. त्या डब्यात सिमकार्ड असतं. कंपनीच्या सर्व्हरकडून निरोप आला की तो बोलतो. रेंज गेली, बॅटरी उतरली, डब्याचं भाडं थकलं, तर पैसे येऊनही तो मुका राहतो. उलट तो बोलला म्हणजे व्यवहार यशस्वी झाला, पण तुमच्या बँक खात्यात आले असं नाही, ते नंतरच्या गठ्ठ्यातून येतील. म्हणून स्पीकर बोलला नाही तर तुमच्याच मोबाइलवरचं व्यापारी ॲप उघडून बघा. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरची हिरवी खूण हा पुरावा धरू नका. हुबेहूब खऱ्यासारखी स्क्रीन दाखवणारी खोटी ॲप्स आहेत, त्यातली काही आवाजही काढतात. तुमच्या यादीत आलं तरच आलं.

पेंडिंगमधून उद्भवणारं आणखी एक लफडं म्हणजे दोनदा आलेले पैसे. गिऱ्हाईक पहिलं अडकलं म्हणून दुसऱ्यांदा पाठवतं, आणि रात्री पहिलंही येऊन पडतं. परत करायचे तर व्यापारी ॲपमधल्या त्याच व्यवहारावर जाऊन रिफंड करा. मग रक्कम ज्या खात्यातून आली तिथेच जाते आणि नोंदही राहते. ‘माझ्या भावाच्या नंबरवर टाका’ असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. एक तर ते पहिलं पेमेंट तुमच्या यादीत खरोखर आलंय का ते बघितल्याशिवाय काहीच परत करायचं नाही. ‘दोनदा कट झाले’ असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा ते खरं बोलत असतं, पण त्यातलं एक त्याच्या बँकेनेच परत करायचं असतं. तुम्हीही परत केलंत तर त्याला दोनदा मिळेल आणि तुमचा माल फुकट जाईल. हे मी घडलेलं बघितलंय, २,३०० रुपयांच्या दप्तरांवर.

१९ तारखेपर्यंत काहीच झालं नाही तर पुढे जा. पैसे गिऱ्हाइकाच्या बँकेत अडकलेत असं दिसत असेल तर लेखी तक्रार त्याने करायची, तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही. तक्रार क्रमांक घ्या. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरही यूपीआयच्या तक्रारीचं पान आहे, तिथे तोच बारा आकडी नंबर लागतो. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी लागत नाही. हेल्पलाइनचा नंबर मात्र गुगलवर शोधून लावू नका. बँकेच्या पासबुकावर किंवा ॲपच्या आत असतो तोच घ्या. पेंडिंग पेमेंट सोडवायला कुणालाही तुमचा पिन, ओटीपी किंवा मोबाइलच्या स्क्रीनचा ताबा लागत नाही. मी इतकी वर्षं ते काम केलं, मला कधीच लागला नाही.

तुमच्या यूपीआय आयडीतली @ नंतरची अक्षरं आणि शनिवारी बँकेत एकगठ्ठा किती जमा झाले ते इथे लिहा. पूर्ण आयडी किंवा खाते नंबर टाकू नका, तेवढ्याची गरज नाही. बेरजेतला फरक १,८४० निघतो का, ते आपण बघू.